बिंदुगट सममितीवरून अवरक्त सक्रिय कंपनांची संख्या

रेणूच्या कंपनात द्विध्रुव आघूर्ण बदलले, तरच ते अवरक्त वर्णपटात दिसते. द्विध्रुव आघूर्णाचे घटक x, y, z प्रमाणे वागतात. म्हणून ज्या कंपनाची सममिती कॅरेक्टर टेबलमधील x, y किंवा z शी जुळते, ते कंपन सक्रिय. BF₃ च्या उदाहरणाने ही रीत पाहू.

BF₃ सपाट त्रिकोणी आहे आणि त्याचा बिंदुगट D₃h. चार अणूंच्या एकूण हालचाली १२. प्रत्येक सममिती क्रियेत जे अणू जागचे हलत नाहीत, तेवढेच मोजायचे आणि त्या संख्येला त्या क्रियेच्या प्रति-अणू योगदानाने गुणायचे. हे योगदान E साठी ३, C₃ साठी ०, C₂ साठी −१, σ साठी १ आणि S₃ साठी −२ असते. C₂ मध्ये बोरॉन आणि एक फ्लुओरिन जागेवर राहतात, S₃ मध्ये फक्त बोरॉन. E, C₃, C₂, σh, S₃, σv या क्रमाने १२, ०, −२, ४, −२, २ मिळतात.

यांचे विघटन करताना प्रत्येक वर्गातील क्रियांच्या संख्येने (२C₃, ३C₂, २S₃, ३σv) गुणायला विसरले की उत्तर अपूर्णांकात येते. चूक ओळखण्याची हीच सोपी खूण. बरोबर उत्तर असे:

A₁′ + A₂′ + 3E′ + 2A₂″ + E″

त्यातून स्थानांतरणाचे E′ + A₂″ आणि परिवलनाचे A₂′ + E″ वजा केल्यावर A₁′ + 2E′ + A₂″ उरते. E′ दुहेरी असल्याने एकूण कंपने सहा, म्हणजे 3N − 6 चा हिशेब जुळला. x, y हे E′ मध्ये आणि z हे A₂″ मध्ये येतात. तेव्हा सक्रिय कंपने पाच, पण पट्टे तीनच, कारण प्रत्येक E′ जोडीतील दोन्ही कंपनांची वारंवारता एकच असते. A₁′ मध्ये तिन्ही बंध एकदम ताणले जातात. द्विध्रुव बदलत नाही, म्हणून ते फक्त रामन वर्णपटात, सुमारे ८८८ सेमी⁻¹ ला दिसते.

σh नजरेतून सुटले तर रेणू C₃v समजला जातो आणि चार पट्ट्यांचे भाकीत होते. पिरॅमिडसारख्या NF₃ साठी मात्र चार हेच खरे उत्तर आहे. पट्टे मोजून आकार ठरवता येतो तो याच फरकामुळे.

प्रत्यक्ष मोजणीत BF₃ एकदा हमखास फसवतो. नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के ¹⁰B असतो. त्यामुळे ¹¹B च्या सुमारे ६९१ सेमी⁻¹ च्या पट्ट्याशेजारी ७१९ च्या आसपास फिकट जोडीदार उमटतो. तो नवे कंपन म्हणून मोजायचा नाही. अधिस्वर आणि संयुक्त कंपनांचे पट्टेही या गणतीत येत नाहीत. शिवाय परवानगी असलेला पट्टा किती तीव्र असेल, हे सममिती सांगत नाही. तो इतका फिका असू शकतो की दिसतच नाही.