फेरिटिन ७८ आणि 'नॉर्मल' या शब्दाची पार्श्वभूमी

क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या रुग्णाची फाइल उघडली की हा रिपोर्ट हमखास सापडतो: हिमोग्लोबिन ९.२, लोहसाठा दाखवणारं फेरिटिन ७८. लॅबची मर्यादा ३० ते ४००, त्यामुळे फेरिटिनपुढे लाल खूण नाही. रुग्णाला सांगितलं जातं, "लोह बरोबर आहे." मग तो विचारतो, "जिना चढताना दम का लागतो?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

शरीरातला लोहसाठा पाहायचा तर पूर्वी अस्थिमज्जेचा नमुना घेऊन त्यावर निळा रंग चढवून बघावं लागे. सुईच्या भीतीने रुग्ण पळत. १९७२ मध्ये रक्तातलं फेरिटिन मोजण्याची पद्धत आली आणि नमुना घेण्याचं काम बरंच कमी झालं. मात्र लॅबच्या मर्यादा ठरल्या त्या धडधाकट माणसांवरून. शरीरात दाह असला की साठा रिकामा असतानाही फेरिटिन वाढतं. आतड्याला सूज, दाह दाखवणारं सीआरपी चढलेलं आणि फेरिटिन ७८, अशा वेळी त्या ७८ पैकी साठ्याचे किती आणि सुजेचे किती हे आकडा पाहून कळत नाही.

दाहात लोहाचं नेमकं काय होतं याचा उलगडा २००० नंतर झाला. यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं. दाह वाढला की हेपसिडिन वाढतं, आणि ते आतड्याच्या पेशींतून आणि साठा धरून बसलेल्या पेशींतून लोह बाहेर पडायचं दारच बंद करतं. गोळीतलं लोह आतड्याच्या पेशीत अडकतं आणि ती पेशी गळली की शौचावाटे निघून जातं. जुन्या डॉक्टरांना सुजलेल्या आतड्याला गोळ्या लागू पडत नाहीत हे अनुभवाने ठाऊक होतं, कारण मात्र नंतर सापडलं.

खरा वाद पुढचा. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये आणि मग २०१५ मध्ये सांगितलं की दाह नसेल तर फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता, पण दाह असेल तर १०० पर्यंतही कमतरता असू शकते. ३० ते १०० मध्ये लोहाची कमतरता आणि दाहामुळे होणारा ॲनिमिया एकत्र असण्याची शक्यता जास्त. फेरिटिन १०० च्या वर आणि ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलं आहे तो आकडा, २० टक्क्यांखाली असेल तर दीर्घ आजाराचा ॲनिमिया. हा १०० चा आकडा अस्थिमज्जा तपासून काटेकोर मोजून काढलेला नाही, तो बऱ्याच अंशी सहमतीने ठरलेला आहे. टीकाकार म्हणतात, अशाने बऱ्याच जणांना विनाकारण लोहाचं सलाइन लागेल. ही भीती अगदीच पोकळ नाही. पण ज्याचं सॅच्युरेशन एक आकडी आहे त्याला फक्त फेरिटिनकडे बोट दाखवून परत पाठवणं मला अधिक धोक्याचं वाटतं.

शब्दांचाही घोळ आहे. 'दीर्घ आजाराचा ॲनिमिया' म्हटलं की आजार बरा करा, लोह देऊ नका असा अर्थ निघतो. 'कार्यात्मक लोहकमतरता' म्हटलं की लोह आहे पण वापरता येत नाही, असा. आयबीडीच्या, म्हणजे क्रोन्ससारख्या आतड्याच्या दीर्घ दाहाच्या, रुग्णात रक्तही वाहत असतं आणि दारही बंद असतं, म्हणून दोन खोक्यांपैकी एकात बसवायचा हट्टच चुकीचा. सीआरपी आणि सॅच्युरेशन शेजारी नसेल तर फेरिटिनचा आकडा मी वाचतच नाही.

शिरेतून लोह देण्याला दोन पिढ्यांनी टाळलं त्यालाही कारण आहे. १९५० च्या दशकात आलेल्या जुन्या आयर्न डेक्स्ट्रानमुळे काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली आणि ती धास्ती नव्या औषधांनाही चिकटली. पुढे आयर्न सुक्रोज आलं. ते सुरक्षित, पण एका वेळी २०० मिलिग्रॅम, म्हणजे रुग्णाच्या सात-आठ फेऱ्या. मग आलेल्या फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजमुळे एका बैठकीत १००० मिलिग्रॅम शक्य झालं. किंमत मात्र मोजावी लागते: अनेकांत रक्तातलं फॉस्फेट घसरतं, आणि वारंवार डोस घेणाऱ्यांत हाडं दुखू लागली तर ते तपासायला हवं.

आता फाइलवाला रुग्ण घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत. पुरुष, वजन ६० किलो, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे इलियमचा, ३५ सेंटीमीटर तुकडा कापलेला. सीरम आयर्न २४, रक्ताची लोह धरण्याची एकूण क्षमता म्हणजे टीआयबीसी २६७, म्हणजे सॅच्युरेशन ९ टक्के. सीआरपी ३८. जुन्या सूत्राने, हिमोग्लोबिन १५ पर्यंत न्यायचं धरून, हिशेब असा: ६० × (१५ − ९.२) × २.४ = ८३५, त्यात साठ्यासाठी ५००, एकूण सुमारे १३३५ मिलिग्रॅम. सोपा तक्ता वापरला तर हिमोग्लोबिन ७ ते १० आणि वजन ७० च्या आत असल्यास १५०० मिलिग्रॅम. म्हणून पहिल्या दिवशी १०००, आठवड्याने ५००. त्याच जोडीला आतड्याच्या सुजेवर उपचार, नाहीतर लोह गळतच राहील.

याच रुग्णाचं एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान, ८६ होतं, अगदी मधलं, आणि तिथेच फसगत होते. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या, दोन्ही एकत्र असलं की सरासरी सुरेख दिसते. पेशींच्या आकारातली तफावत दाखवणारं आरडीडब्ल्यू वाढलेलं असतं, तेवढं चुगली करतं. बी-१२ शोषलं जातं इलियमच्या शेवटच्या टोकाला, आणि नेमका तोच भाग क्रोन्समध्ये सुजतो किंवा कापला जातो. महाराष्ट्रात शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असणं सर्रास आढळतं, त्यामुळे इथे आहार दोषी की आतडं हे सांगणं अवघड. बी-१२ चा आकडा १६५ पिकोग्रॅम आला की उपचारासाठी मी थांबत नाही. ३५ सेंटीमीटर गेले असतील तर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आधी दिवसाआड, नंतर महिन्याला, आणि बहुधा कायमची.

फोलेटचं फार लांबवत नाही. सल्फासॅलाझिन त्याचं शोषण अडवतं आणि मेथोट्रेक्सेट त्याचं काम अडवतं, म्हणून या गोळ्या चालू असतील तर फोलिक ॲसिड लागतंच. पण बी-१२ सुरू न करता फक्त फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि हातापायांच्या मुंग्या मागे वाढत राहतात.

झिंकचं वागणं फेरिटिनच्या नेमकं उलट. दाहात ते रक्तातून यकृतात सरकतं आणि रिपोर्ट कमी दाखवतो, अल्ब्युमिन कमी असेल तर आणखी कमी. नळीत रक्तपेशी फुटल्या तर तोच आकडा फसवा वाढतो. आपल्या रुग्णाचं ५५ आलं. सीआरपी ३८ असताना एकट्या या आकड्यावर विसंबता येत नाही. पण महिनाभर रोज सहा-सात जुलाब असतील, तोंडाभोवती चट्टे असतील, चव गेली असेल, तर कमतरता धरून चालायचं. दोन-चार आठवडे, रोज २० ते ४० मिलिग्रॅम मूळ झिंक. २२० मिलिग्रॅमच्या झिंक सल्फेटच्या गोळीत ते ५० मिलिग्रॅमच असतं, त्यामुळे लेबल नीट वाचावं. महिनोन्‌महिने चालू ठेवलं तर तांबं घटतं, आणि त्यानेही ॲनिमिया होतो, जो लोहाने बरा होत नाही.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.४ आलं. निदान दोनने वाढायला हवं होतं, तेवढं वाढलं. फेरिटिन मात्र तेव्हा मुद्दाम मागवलं नाही. शिरेतून लोह दिल्यावर ते काही आठवडे फुगलेलं असतं, ६०० दिसलं की कोणीतरी घाबरून पुढचा डोस रद्द करतं. तारीख पडली दोन-तीन महिन्यांनंतरची, फेरिटिन, सॅच्युरेशन आणि सीआरपी एकाच नळीतून.