यूपीआय पेमेंट फेल, तरी खात्यातून पैसे कट: रक्कम अडकते कुठे आणि परत किती दिवसांत येते?

अ‍ॅपवर ‘Failed’ दिसते आणि त्याच मिनिटाला बँकेचा मेसेज येतो की खात्यातून ₹२,३४० वजा झाले. यातले एक खोटे असणार असे वाटते, पण दोन्ही खरे असतात. यूपीआयमध्ये एक पेमेंट म्हणजे दोन बँकांच्या वहीतल्या दोन वेगळ्या नोंदी. तुमच्या बँकेने वजा करायचे आणि समोरच्याच्या बँकेने जमा करायचे. या दोघींमध्ये निरोप पोचवण्याचे काम यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा करते. पहिली नोंद झाली आणि दुसरी झाली नाही, किंवा झाली की नाही हे वेळेत कळले नाही, की हा प्रकार होतो. तुमच्या मोबाईलमधले अ‍ॅप फक्त निरोप्या आहे. त्याच्याकडे पैसे कधीच जात नाहीत, म्हणून अ‍ॅपशी भांडून रक्कम लवकर येत नाही.

साखळी नेमकी कुठे तुटते

तुम्ही पिन टाकलात की एनपीसीआय आधी तुमच्या बँकेला ‘वजा करा’ असे सांगते. तिचे ‘केले’ असे उत्तर आल्यावरच समोरच्या बँकेला ‘जमा करा’ असा निरोप जातो. प्रत्येक उत्तरासाठी वेळेची मर्यादा असते. पूर्वी ती ३० सेकंद होती, जून २०२५पासून एनपीसीआयने ती १५ सेकंदांवर आणली. त्या वेळात उत्तर आले नाही तर व्यवहार लटकतो. तो कोणत्या टप्प्यावर लटकला यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पहिली शक्यता अशी की तुमच्या बँकेने पैसे वजा केले, पण ‘केले’ हे उत्तर उशिरा गेले. एनपीसीआयने तोवर व्यवहार फेल धरलेला असतो. समोरच्या बँकेला तर काही कळलेलेच नसते. अशा वेळी एनपीसीआय तुमच्या बँकेला ती नोंद उलटी फिरवायला सांगते आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत किंवा मिनिटांत रक्कम परत दिसते. हा उलट निरोपही अडकला, तर बँक नंतर एनपीसीआयच्या फाईलशी आपल्या नोंदी ताडून पाहते आणि रक्कम परत करते. इथे पैसे तुमच्याच बँकेत, पण तुमच्या खात्याबाहेर पडलेले असतात.

दुसरी शक्यता साधी आहे. समोरच्या बँकेने जमा करायला स्पष्ट नकार दिला, म्हणजे खाते बंद आहे, गोठवलेले आहे किंवा असेच काही. नकार हेही उत्तरच असल्यामुळे यात गोंधळ नसतो आणि रक्कम लगेच उलटी फिरते.

खरा त्रास तिसऱ्या प्रकारात. तुमच्या बँकेने वजा केले, समोरच्या बँकेला जमा करायचा निरोप गेला, आणि तिकडून काहीच उत्तर नाही. पैसे जमा झाले असतील किंवा नसतीलही. इथे यंत्रणा रक्कम घाईने परत करत नाही, कारण जमा झालेली रक्कम पुन्हा तुम्हालाही दिली तर एकच पैसा दोघांना मिळेल. म्हणून बँकांमधल्या हिशेबात असा व्यवहार झाला असेच तात्पुरते धरले जाते आणि रक्कम समोरच्या बँकेकडे वळते. मग त्या बँकेने आपल्या नोंदी तपासून दोनपैकी एक करायचे असते: ग्राहकाच्या खात्यात जमा करून तसे कळवायचे, किंवा रक्कम तुमच्या बँकेकडे परत पाठवायची. अ‍ॅपवर हा प्रकार बहुधा ‘Pending’ किंवा ‘Processing’ म्हणून दिसतो, आणि याचा शेवट दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. आज फेल वाटलेले पेमेंट उद्या सकाळी समोरच्याला मिळालेले असू शकते.

म्हणूनच ‘Pending’ दिसत असताना लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. दोन्ही पेमेंट पोचली तर तो फेल व्यवहार उरत नाही. दोन यशस्वी व्यवहार होतात, आणि जादाची रक्कम समोरच्याने आपणहून परत केली तरच मिळते. दुकानात घाई असेल तर रोख द्यावी आणि दुकानदाराला तो व्यवहार क्रमांक लिहून द्यावा.

परत येण्याची मुदत: टी+१ आणि टी+५

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून या मुदती ठरवल्या, त्या १५ ऑक्टोबर २०१९पासून लागू आहेत. त्यातला ‘टी’ म्हणजे व्यवहाराची कॅलेंडरमधली तारीख.

एखाद्या व्यक्तीला पैसे पाठवले आणि तिच्या खात्यात जमा होऊ शकले नाहीत, तर तिच्या बँकेने उशिरात उशिरा टी+१पर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत, रक्कम परत करायची. दुकानदाराला किंवा ऑनलाईन विक्रेत्याला पैसे दिले, खात्यातून वजा झाले, पण विक्रेत्याला पेमेंट झाल्याची खात्री मिळाली नाही, तर मुदत टी+५. विक्रेत्याच्या बाजूला पेमेंट गोळा करणारी आणखी एखादी कंपनी मध्ये असू शकते आणि हिशेब जुळवायला जास्त हात लागतात, हे लक्षात घेतले की हा फरक समजतो. या बाहेरच्या मर्यादा आहेत, नेहमीचा वेळ नव्हे. पहिल्या दोन प्रकारांतली बरीचशी रक्कम त्याच दिवशी परत येते.

मुदत उलटली तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई आहे. रक्कम ₹५० असो की ₹५०,०००, दर तोच. ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने स्वतःहून खात्यात टाकायची, असे परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे.

समजा १० तारखेला संध्याकाळी किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून ₹२,३४० दिले. खात्यातून वजा झाले, दुकानदाराच्या मशीनवर आवाज आला नाही, अ‍ॅपवर व्यवहार फेल. विक्रेत्याचा व्यवहार असल्याने मुदत १५ तारीख संपेपर्यंत. रक्कम १८ला आली, तर १६, १७ आणि १८ असे तीन दिवस उशीर, म्हणजे ₹३०० भरपाई. हेच पैसे भावाला पाठवले असते तर मुदत ११ तारखेलाच संपली असती आणि १८पर्यंत सात दिवसांचे ₹७०० झाले असते. आता मेख इथे आहे: ओळखीच्या छोट्या दुकानदाराचा क्यूआर त्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल, तर तुम्ही दुकानात उभे असलात तरी व्यवहार व्यक्तीला पाठवलेलाच ठरू शकतो. अ‍ॅपमधला समोरचा यूपीआय आयडी पाहून ठेवा आणि बँकेलाच विचारा की हा व्यवहार कोणत्या प्रकारात धरला आहे.

भरपाईला पात्र काय, आणि काय नाही

पैसे पाठवणारा आणि घेणारा दोघेही भारतात असले पाहिजेत आणि व्यवहार तांत्रिक कारणाने अपुरा राहिलेला असला पाहिजे. चुकीच्या यूपीआय आयडीवर गेलेले पैसे यात बसत नाहीत, कारण यंत्रणेच्या दृष्टीने ते पेमेंट यशस्वी आहे. फसवणुकीत स्वतः पिन टाकून दिलेले पैसेही नाहीत. पेमेंट झाले पण माल आला नाही, किंवा ऑर्डर रद्द झाली, तर तो विक्रेत्याचा रिफंड आहे. त्याचा व्यवहार क्रमांक नवा असतो आणि वेळ विक्रेत्याच्या नियमांवर ठरतो.

आधी पासबुक, मग तक्रार

रक्कम परत आल्याचा मेसेज दरवेळी येतोच असे नाही. म्हणून तक्रारीआधी नेटबँकिंगमधले खात्याचे विवरण उघडा. प्रत्येक यूपीआय नोंदीत १२ अंकी क्रमांक असतो. त्याला यूटीआर किंवा आरआरएन म्हणतात, आणि अ‍ॅपमध्ये तोच बहुधा ‘UPI transaction ID’ किंवा ‘UTR’ या नावाने दिसतो. वजा नोंदीतला तोच क्रमांक जमा बाजूला दिसला (बऱ्याच बँका तिथे ‘REV’ असे लिहितात), तर पैसे आलेले आहेत. फक्त वजा नोंद असेल आणि मुदत उरली असेल तर थांबा. मुदत संपली असेल तर पुढे जा.

तक्रारीची सुरुवात अ‍ॅपमधूनच करावी. व्यवहारांच्या यादीत तो व्यवहार उघडला की मदतीचा किंवा तक्रारीचा पर्याय मिळतो. तिथे नोंदवलेली तक्रार थेट त्याच व्यवहाराला जोडली जाते, त्यामुळे बँकेला वेगळे शोधावे लागत नाही. तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्यातून काही झाले नाही तर अ‍ॅप ज्या बँकेमार्फत चालते ती बँक, मग तुमचे खाते असलेली बँक, आणि त्यानंतर एनपीसीआयच्या संकेतस्थळावरची तक्रार, असा क्रम आहे. व्यवहारात पैसे वजा करणारी तुमचीच बँक असल्यामुळे तिच्याकडे लेखी तक्रार दिली की फाईल खऱ्या अर्थाने हलते.

कागद फार लागत नाहीत. व्यवहाराची तारीख, वेळ आणि रक्कम, १२ अंकी क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, विवरणाचे ते पान आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक इतके पुरते. विक्रेत्याचा व्यवहार असेल तर पेमेंट मिळाले नाही असा त्याचा साधा मेसेजही उपयोगी पडतो. अर्जात ‘पैसे परत करा’ एवढेच लिहून थांबू नका. टी कोणता, मुदत कधी संपली, किती दिवस उशीर झाला आणि दिवसाला ₹१००प्रमाणे भरपाई किती होते, हे आकड्यांत मांडा. भरपाई आपोआप मिळायला हवी, पण न मागता ती राहून जाण्याची शक्यताच जास्त.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर अर्ज करता येतो. शुल्क नाही. बँकेला दिलेल्या लेखी तक्रारीची प्रत आणि तारीख मात्र हवीच, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

अडकलेल्या पैशांसाठी लोक गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतात आणि बनावट क्रमांकाच्या जाळ्यात सापडतात. परताव्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि स्क्रीन दाखवणारे कोणतेही अ‍ॅप उतरवून घ्यावे लागत नाही. रक्कम ज्या खात्यातून गेली, त्याच खात्यात बँक ती जमा करते. बँकेचा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच वापरावा.