७५ टक्के हजेरी: अजून किती लेक्चर चुकवता येतील, हा हिशोब नेमका कुठे फसतो

मी मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजात शिकवते आणि काही वर्षांपासून हजेरी समितीवर आहे. सत्र संपत आलं की डिफॉल्टर लिस्ट लागते आणि स्टाफ रूमबाहेर रांग लागते. त्या रांगेतली निम्मी मुलं बेफिकीर नसतात. त्यांनी हिशोब केलेला असतो, वहीच्या मागच्या पानावर व्यवस्थित मांडलेला असतो, पण चुकीच्या आकड्यावर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नियम आधी. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ६०८६ प्रमाणे सत्रातली लेक्चर, प्रॅक्टिकल, ट्यूटोरियल सगळी मिळून सरासरी किमान ७५ टक्के हजेरी लागते, शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. काही कॉलेजं प्रत्येक विषयात ७५ टक्के मागतात, तेव्हा आपल्या प्रॉस्पेक्टसमधलं हजेरीचं पान एकदा शांतपणे वाचा. कायद्याच्या विद्यार्थ्यांचा मामला वेगळा आहे. त्यांना बार कौन्सिलच्या नियमाने विषयवार ७० टक्के लागतात.

आता एक उदाहरण घेऊ. एस.वाय.ची एक मुलगी, कल्याणहून येणारी. विषयाची आठवड्याला ४ लेक्चर, १५ आठवडे, म्हणजे टाइमटेबलवर ६० लेक्चर. ऑगस्टअखेर ३२ झाली, तिने २६ केली, ६ चुकली. अ‍ॅपवर ८१.२५ टक्के दिसतात. ती म्हणते, "मॅडम, ६० चे २५ टक्के १५. माझी ६ गेली, अजून ९ आहेत."

हा ९ चा आकडा मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी त्यावरच मुलं अडकतात. हजेरीची टक्केवारी काढताना भागायचं असतं ते झालेल्या लेक्चरनी, ठरलेल्या लेक्चरनी नाही. मुंबईत पहिल्या सत्रात टाइमटेबलवरची सगळी लेक्चर कधीच होत नाहीत. जुलैत पाणी तुंबलं की सुट्टी जाहीर होते, गणपतीची सुट्टी असते, मधे अंतर्गत परीक्षा, एखादा सेमिनार, शिक्षकाची रजा. या विषयाची शेवटी ५२ लेक्चर झाली असं धरा. ५२ चे २५ टक्के १३. त्यातली ६ आधीच गेली, म्हणजे उरली ७. ती ९ च्या भरवशावर राहिली तर एकूण १५ चुकतील, हजेरी ३७ होईल आणि ३७ भागिले ५२ म्हणजे ७१ टक्क्यांच्या जरा वर. लागत होती ३९. दोन लेक्चरनी गेली.

रद्द झालेलं लेक्चर म्हणजे फुकटची सुट्टी असं मुलांना वाटतं. उलट आहे. दर ४ लेक्चर रद्द झाली की तुमच्या शिलकीतलं १ कमी होतं, तुम्ही काहीही न करता. म्हणून सत्राच्या सुरुवातीला काढलेला आकडा वहीत लिहून विसरून जाऊ नका. प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर "एकूण किती होतील" हा अंदाज खाली आणून पुन्हा मांडा. अंदाज बांधताना कमीच धरा. कमी धरलात आणि जास्त लेक्चर झाली तर एखादं चुकवायची मुभा वाढेल. जास्त धरलात आणि कमी झाली तर भरपाईला दिवसच नसतात.

मोबाइलवर शीट असेल तर इतकं पुरे. B1 मध्ये सत्रात एकूण होतील असा अंदाज, B2 मध्ये आतापर्यंत झालेली, B3 मध्ये तुम्ही केलेली:

```
=INT(B1*25/100)-(B2-B3)
```

वरच्या मुलीसाठी ५२, ३२ आणि २६ घातले की ७ येतात. उत्तर उणे आलं तर त्या विषयात ७५ टक्के आता होणार नाहीत, मग बाकी एकही न चुकवता केलं तरी.

याच मुलीला आणखी एक उत्तर आहे, आणि ते २ आहे. बऱ्याच कॉलेजांत दर महिन्याला यादी लागते आणि त्या यादीसाठी त्या दिवसापर्यंतचाच हिशोब धरतात. आजच्या २६ मध्ये एकही न वाढवता सलग किती सोडता येतील? केलेल्या लेक्चरना ४ ने गुणा, ३ ने भागा, खालचा पूर्ण आकडा घ्या आणि त्यातून झालेली वजा करा. २६ चे ३४ येतात, वजा ३२, उरले २. तिसरं चुकवलं की २६ भागिले ३५, म्हणजे ७४.२९, आणि महिन्याच्या यादीत नाव. सत्राच्या शेवटी ती सावरू शकते, पण तोवर घरी फोन गेलेला असतो. पालकांना बोलावल्यावर पोरीचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. तेव्हा ७ शिल्लक आहेत म्हणजे ती सलग ७ नव्हेत, एवढं लक्षात असू द्या.

आता जे आधीच खाली गेले आहेत त्यांच्यासाठी. ३२ पैकी २२ केली असतील तर ६८.७५ टक्के. मुलं म्हणतात सव्वासहा टक्के कमी आहेत, म्हणजे दोन लेक्चर. तसं नसतं. तुम्ही एक लेक्चर केलंत की झालेल्यांचा आकडाही एकाने वाढतो. झालेल्या लेक्चरची तिप्पट करा, त्यातून केलेल्यांची चौपट वजा करा: ९६ वजा ८८, म्हणजे ८. सलग ८ लेक्चर, मधे एकही न चुकवता, तेव्हा ३० भागिले ४० होऊन बरोबर ७५ होतात. आठवड्याला ४ असतील तर पूर्ण दोन आठवडे. उरलेली लेक्चर ७ असतील तर सगळी करूनही ७४.३६ वरच थांबाल. असं दिसलं तर सत्र संपायची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा.

पूर्णांकाची एक गंमत वाटेल अशी, पण त्रासदायक गोष्ट आहे. ५१ लेक्चर झाली आणि ३८ केली तर ७४.५१ टक्के होतात. अ‍ॅप दशांश दाखवत नसेल तर पडद्यावर ७५ दिसतं. पण ५१ चे ७५ टक्के ३८.२५ आहेत आणि पाव लेक्चर कुणाला करता येत नाही, म्हणजे ३९ लागतात. समितीपुढे कागदावर ३८ येतं. पडद्यावरचं ७५ पाहून निर्धास्त राहू नका, झालेली आणि केलेली असे दोन्ही आकडे मागा.

सरासरीचाही असाच घोळ. एका विषयात ५२ पैकी ३६ आणि दुसऱ्यात २० पैकी १८ असतील तर टक्केवारी ६९ आणि ९०. दोघांची सरासरी साधारण ८० येते आणि मुलं खूश होतात. पण मोजायचं असतं एकूण तासांवर: ७२ पैकी ५४, म्हणजे बरोब्बर ७५. आणखी एक चुकवलं तर गेलं. ज्या विषयाचे तास जास्त, त्याचं वजन जास्त. आणि तो विषय बहुतेक वेळा सकाळी ७.२० ला असतो, विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्यांना नेमका जड जाणारा. उशीर म्हणजे गैरहजर, असं लावणारे शिक्षक आहेत. मला स्वतःला ते पटत नाही, पण रजिस्टरमध्ये अर्ध्या हजेरीचा रकाना नसतो, त्यामुळे ही चुकलेली लेक्चर आधी शिलकीतून कापून ठेवा.

आता अर्जाचं. हजेरी कमी पडली तर समितीकडे सवलतीचा अर्ज करता येतो. फॉर्म ऑफिसात मिळतो, भरायला दहा मिनिटं लागतात, पालकांची सही आणि आयडीची झेरॉक्स लागते. अडतं ते पुढे.

मेडिकल सर्टिफिकेटने हजेरी वाढत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की दर सत्रात कुणीतरी हिशोबात आजारपणाचे दिवस "केलेली" म्हणून धरतं. आजारपणाची लेक्चर चुकलेलीच राहतात. सर्टिफिकेटमुळे समिती तुमचा विचार करते, इतकंच. म्हणून सत्राच्या सुरुवातीला सगळी शिल्लक उडवू नका. ताप येतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात.

दुसरं म्हणजे तारखा. गेल्या खेपेला एक मुलगा आला, टायफॉइड झालेला, खरंच झालेला, अजून कपडे अंगावर लोंबत होते. सर्टिफिकेटवर ९ दिवस पूर्ण विश्रांती लिहिलेली आणि रजिस्टरमध्ये त्यातल्या पाचव्या दिवशी दोन लेक्चरना "हजर". मित्राने प्रॉक्सी लावली होती, प्रेमाने. त्या दोन "पी"मुळे अख्खं सर्टिफिकेट संशयात आलं आणि अर्ज नामंजूर झाला. मी त्याच्या बाजूने बोलले, पण कागदापुढे माझं काही चाललं नाही. आजारी पडलात तर मित्रांना आधी सांगा की माझ्या नावाने कुणी ओ देऊ नका.

सर्टिफिकेटसोबत ओपीडीचा केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, औषधांची बिलं आणि अ‍ॅडमिट असाल तर डिस्चार्ज कार्ड जोडा. लिस्ट लागल्यानंतरच्या तारखेचं, मागचं आजारपण दाखवणारं एकुलतं एक सर्टिफिकेट समिती बाजूलाच ठेवते. बरे होऊन आलात की त्याच आठवड्यात कागद ऑफिसात देऊन एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

तिसरं म्हणजे असा कागद की जो जवळजवळ कुणाकडेच नसतो: कार्यक्रमाला गेल्याचं पत्र. कॉलेजने आयोजित केलेली आणि शिक्षकांच्या देखरेखीखालची सहल किंवा क्षेत्रभेट असेल तर त्या दिवशी प्रत्यक्ष झालेले तास तुमच्या हजेरीत धरतात, तशी तरतूद त्याच अध्यादेशात आहे. पण यादीत नाव हवं आणि त्यावर प्रभारी शिक्षकांची सही हवी. फेस्टिव्हलच्या कामाचे तास तुमचं कॉलेज धरतं का आणि किती धरतं, हे काम अंगावर घेण्याआधी विचारा. मुलं चार-चार दिवस मांडव बांधतात, खुर्च्या उचलतात, आणि ऑक्टोबरात कळतं की नाव यादीत घातलंच नव्हतं. तोवर प्रभारी सर कधी बदललेले असतात, कधी त्यांना आठवत नसतं. कार्यक्रम संपला त्याच दिवशी यादी पाहा, फोटो काढून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात आपल्या विषयाच्या रजिस्टरमध्ये ते तास चढले का ते तपासा.

शेवटची तारीख वाचतानाही चूक होते. नोटिशीत "यादी लागल्यापासून अमुक दिवसांत" असं असतं. ते दिवस यादी बोर्डावर लागल्यापासून मोजतात, तुम्ही पाहिल्यापासून नाही, आणि मधली सुट्टी वगळतात की नाही हे प्रत्येक ऑफिस आपापलं ठरवतं. खिडकीवर विचारा आणि उत्तर देणाऱ्याला तारीख कागदावर लिहून द्यायला सांगा. कटकट वाटली तरी चालेल. खिडकी दुपारी बंद होते, त्यामुळे शेवटच्या दिवसाच्या सकाळी पहिलं लेक्चर सोडून अर्ज द्यायला जाऊ नका. आदल्या दिवशी, लेक्चर झाल्यावर जा.