वीस मिनिटांचा हिशेब आणि समोरचा पडदा

‘पोट भरल्याचं मेंदूला कळायला वीस मिनिटं लागतात’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की पोटात कुठेतरी घड्याळच बसवलंय असं वाटावं. असं घड्याळ नाही. वीस हा सोयीचा, गोल केलेला आकडा आहे. पोटातून मेंदूकडे एकच निरोप जात नाही, अनेक जातात, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असते. हे उलगडायला शास्त्रज्ञांना शंभरेक वर्षं लागली.

सुरुवात पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेपासून करता येईल. घंटा आणि लाळ यांच्यामुळे तो घरोघरी माहीत झाला, पण 1904चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं. त्या कामात त्याने कुत्र्यांच्या अन्ननलिकेला शस्त्रक्रियेने बाहेर वाट करून दिली होती. कुत्रं चावत होतं, गिळत होतं, पण घास पोटात न जाता मानेतून बाहेर पडत होता. अशी कुत्री तासन्‌तास खात राहायची. चव, वास, चावणं, गिळणं सगळं होतं, तृप्ती मात्र नव्हती. म्हणजे थांबवणारी गोष्ट तोंडाच्या खाली कुठेतरी होती.

खाली म्हणजे जठरात, असं त्या काळी बहुतेकांना वाटे. 1912मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी आपल्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याला नळीला बांधलेला फुगा गिळायला लावला. जठर आकुंचन पावलं की फुगा दाबला जायचा आणि कागदावर रेघ उमटायची. भुकेची कळ जाणवली की वॉशबर्न एक बटण दाबायचा. दोन्ही नोंदी जुळल्या, आणि आकुंचन आधी, जाणीव त्यानंतर, असा क्रमही दिसला. प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण 1931मध्ये संपूर्ण जठर काढून टाकलेल्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्यालाही भूक लागत होती. मग जठर हाच एकमेव सांगावा धाडणारा कसा?

पुढचा दुवा वेगळ्याच दिशेने आला. 1928मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांना लहान आतड्यातून रक्तात मिसळणारा एक पदार्थ सापडला होता. तो पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतो, म्हणून त्याचं नाव पडलं कोलेसिस्टोकायनिन, थोडक्यात सीसीके. चरबी आणि प्रथिनं आतड्यात पोहोचली की तो सुटतो. भुकेशी त्याचा संबंध असेल असं कित्येक दशकं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. 1973मध्ये गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी तो उंदरांना टोचला, आणि उंदीर लवकर जेवण आटोपू लागले. नंतर त्यांनी पाव्हलॉव्हचीच युक्ती वापरली: घास जठरातून बाहेर काढून घेतलेल्या, सतत खात राहणाऱ्या उंदरांना सीसीके दिलं. ते थांबले, अंग चाटत बसले आणि झोपी गेले, भरपेट जेवलेल्या उंदराने करावं तसं. 1981मध्ये असंही दिसलं, की पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापली तर सीसीकेचा हा परिणाम जातो. निरोप्या आणि त्याची वाट, दोन्ही सापडली.

आता वीस मिनिटांकडे येऊ. जठर ताणलं गेल्याची बातमी व्हेगस नसेतून तातडीने पोहोचते, पण जठराला फक्त आकारमान कळतं, अन्नात काय आहे ते नाही. ते कळतं आतड्याला, आणि आतड्यात अन्न थोडं थोडं करून सोडलं जातं. घन पदार्थ आधी बारीक व्हावे लागतात, त्यात वेळ जातो. सीसीकेची रक्तातली पातळी साधारण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत चढते. आतड्याच्या खालच्या भागातून येणारं पीवायवाय हे दुसरं संप्रेरक त्याहूनही उशिरा, तासा-दीड तासाने शिखर गाठतं. वीस मिनिटं ही फार तर पहिल्या रासायनिक निरोपांची वेळ म्हणता येईल. सगळा कारभार तेव्हा संपत नाही.

हळू खाल्ल्याने खरंच कमी जातं का? 2008च्या एका अभ्यासात तीस स्त्रियांनी तेच जेवण दोन प्रकारे केलं. घाईत सुमारे 9 मिनिटांत 646 कॅलरी, सावकाश सुमारे 29 मिनिटांत 579. फरक 67 कॅलरींचा. हे काही नगण्य नाही, पण चमत्कारही नाही. शिवाय सावकाश खाताना त्या पाणीही जास्त प्यायल्या, म्हणजे सगळं श्रेय संप्रेरकांना देता येत नाही.

आता पडदा. सहज सुचणारं स्पष्टीकरण असं, की लक्ष टीव्हीत किंवा फोनमध्ये असल्याने उशिरा आलेला निरोप ऐकूच येत नाही. त्यात थोडं तथ्य आहे. पण पडद्याचा मोठा परिणाम त्या जेवणावर होत नाही, पुढच्या खाण्यावर होतो. हे कळायला संप्रेरकांकडून स्मृतीकडे जावं लागतं.

1998मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या दोन रुग्णांना जेवण दिलं. ते संपल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा जेवण ठेवलं, आणि त्यांनी तेही खाल्लं. तिसरं समोर आलं तेव्हा बहुतेकदा त्यालाही हात घातला. जठर भरलेलं होतं, सीसीके सुटलेलं होतं. ‘मी नुकताच जेवलो’ ही आठवण तेवढी नव्हती.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या प्रयोगाने (2011) हाच धागा साध्या माणसांपर्यंत आणला. 44 जणांना नऊ पदार्थांचं ठरावीक जेवण दिलं. निम्म्यांनी खाता खाता संगणकावर सॉलिटेअर खेळायचं होतं. जेवण दोन्ही गटांना सारखंच, त्यामुळे कुणी जास्त खाल्लं असा प्रश्नच नाही. अर्ध्या तासाने चव पारखण्याच्या निमित्ताने बिस्किटं पुढे ठेवली. खेळणाऱ्यांनी सरासरी 52 ग्रॅम खाल्ली, न खेळणाऱ्यांनी 27. शेवटी नऊ पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ले ते विचारलं, तर खेळणाऱ्यांना ते नीट सांगता येईना. पोट भरल्याची भावनाही त्यांच्यात कमी होती. पोटात अन्न तेवढंच होतं, डोक्यातली नोंद मात्र अर्धवट राहिली होती.

2013मध्ये अशा 24 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. लक्ष विचलित झाल्यावर त्याच वेळचं खाणं मध्यम प्रमाणात वाढतं आणि नंतरचं त्याहून जास्त, असं त्यातून निघालं. यातले बरेचसे प्रयोग प्रयोगशाळेतल्या एखाद-दुसऱ्या जेवणावर आहेत. त्यावरून महिन्याकाठी वजन किती वाढेल याचं गणित मांडणं घाईचं होईल. सीसीकेनेही हाच धडा दिला होता: दर जेवणाला ते टोचल्यावर उंदीर प्रत्येक वेळी कमी खात, पण जास्त वेळा खात, आणि वजन जवळपास तिथेच राही.

उलट्या बाजूनेही प्रयत्न झाले. विचलनाने स्मृती बिघडते, तर लक्ष देऊन खाल्ल्यावर ती सुधारून नंतरचं खाणं घटायला हवं. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांत लोकांना प्रत्येक घासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि नंतरच्या खाण्यात काहीच फरक पडला नाही.