उत्तरपत्रिकांवरील लाल शाईची रंगसीमांनी ओळख

तपासलेल्या उत्तरपत्रिकेच्या रंगीत स्कॅनमधून परीक्षकाने लाल शाईने केलेल्या खुणा, म्हणजे बरोबर-चुकीच्या खुणा, काट मारलेल्या ओळी, वर्तुळात लिहिलेले गुण इत्यादी, प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरावीक मर्यादांमध्ये बसतो की नाही हे पाहून संगणकीय आज्ञावलीने वेगळ्या काढण्याची पद्धत. तिचे फलित म्हणजे मूळ पानाच्याच आकाराचे एक काळे-पांढरे चित्र. त्याला मास्क म्हणतात. मास्कमध्ये लाल शाईच्या जागा पांढऱ्या व बाकीचे पान काळे असते. गुणांची बेरीज पडताळणे, न तपासलेले पान हुडकणे किंवा विद्यार्थ्याचे मूळ लेखन खुणांविना परत मिळवणे या कामांची ही पहिली पायरी होय.

या कामासाठी लाल, हिरवा व निळा या तीन घटकांवर थेट मर्यादा घालण्याऐवजी रंगछटा, संपृक्तता आणि तेजस्विता अशी मांडणी (एचएसव्ही) वापरण्याचा प्रघात आहे. तिचे श्रेय बहुधा ॲल्वी रे स्मिथ यांना दिले जाते. त्यांनी ती १९७८ मध्ये संगणकीय आलेखनाच्या सिग्राफ परिषदेत मांडली. मात्र त्याच परिषदेत जॉब्लोव्ह व ग्रीनबर्ग यांनीही रंगछटेवर आधारलेल्या मांडण्यांचा ऊहापोह केला होता, आणि रंगाचे छटा, उजळपणा व संपृक्तता असे तीन पैलू पाडण्याची कल्पना त्याहून जुनी, निदान विसाव्या शतकाच्या आरंभी अल्बर्ट मन्सेल यांनी केलेल्या वर्गीकरणाइतकी मागे जाते. त्यामुळे स्मिथ यांना कल्पनेचे जनक मानण्यापेक्षा तिचे सोपे गणिती रूप देणारे म्हणणे अधिक योग्य ठरेल. प्रस्तुत विषयाला या इतिहासातील एकच गोष्ट भोवते : रंगछटेचे वर्तुळ लाल रंगापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शाई हिरवी असती तर अर्ध्या अडचणी उद्भवल्याच नसत्या.

ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या आज्ञावलींच्या प्रचलित संग्रहात ३६० अंशांची रंगछटा एका बाइटमध्ये मावावी म्हणून निम्मी करून ० ते १७९ अशी साठवली जाते. एकाच खुणेतील दोन पिक्सेल उदाहरणादाखल घेऊ. पहिल्यात लाल २०१, हिरवा ६२ व निळा ४८ आहे. त्याची छटा सुमारे ५.५ अंश, म्हणजे साठवलेली ३ येते. दुसऱ्यात लाल १९६, हिरवा ५२ व निळा ७० आहे. येथे निळा हिरव्यापेक्षा किंचित वरचढ असल्याने छटा ३५२.५ अंश, म्हणजे साठवलेली १७६ निघते. डोळ्यांना दोन्ही सारखेच लाल दिसतात, पण केवळ ० ते १० अशी मर्यादा घातल्यास दुसरा पिक्सेल गळतो आणि खूण कुरतडल्यासारखी दिसते. दोघांची सरासरी काढली तर ती ९० च्या जवळ, म्हणजे थेट निळसर हिरव्यात पडते. म्हणून दोन पट्टे स्वतंत्रपणे तपासून त्यांचा संयोग घ्यावा लागतो :

```python
import cv2
img = cv2.imread("page.png")
hsv = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2HSV)
lo = cv2.inRange(hsv, (0, 80, 60), (10, 255, 255))
hi = cv2.inRange(hsv, (168, 80, 60), (179, 255, 255))
mask = cv2.bitwise_or(lo, hi)
```

यातील ८० ही संपृक्ततेची किमान मर्यादा पिवळट कागदाला बाहेर ठेवते, तर ६० ही तेजस्वितेची मर्यादा काळ्या अक्षरांसाठी आहे. काळ्या शाईच्या ३४, २२, २४ अशा पिक्सेलची छटा १७५ आणि संपृक्तता ९० भरते, म्हणजे या दोन कसोट्यांवर तो लालच ठरतो. त्याला अडवते ती फक्त तेजस्विता, जी ३४ आहे. हे आकडे आरंभापुरते धरावेत. स्कॅनर बदलला की ते पुन्हा बसवावे लागतात.

तरीही एक त्रास उरतो तो काळ्या अक्षरांच्या कडांचा. अनेक सपाट व सरकत्या स्कॅनरमध्ये लाल, हिरवे व निळे दिवे आळीपाळीने लागतात आणि दरम्यान कागद किंवा दांडी किंचित पुढे सरकलेली असते. परिणामी प्रत्येक आडव्या रेघेच्या एका कडेला लालसर आणि दुसऱ्या कडेला निळसर झालर येते. अशा झालरीचा १५०, ९६, ९८ हा पिक्सेल वरील तिन्ही मर्यादांतून सहज पार होतो. मास्कमध्ये छापील प्रश्नांच्या अक्षरांचे एकाच बाजूचे पुसट काठ उमटलेले दिसले, तर कारण हेच समजावे. मर्यादा आवळून ते जात नाहीत. ते एखादा पिक्सेलच रुंद असल्याने ३×३ आकाराच्या उद्घाटन क्रियेने (आधी झिजवणे, मग फुगवणे) जातात. येथे स्कॅनची घनता निर्णायक ठरते. अर्ध्या मिलिमीटरची रेघ इंचाला ३०० ठिपके असताना सुमारे ६ पिक्सेल रुंद असते व ही क्रिया सोसते. १५० ठिपक्यांवर ती जेमतेम ३ पिक्सेल उरते आणि झालरीबरोबर परीक्षकाची खूणही तुटते.

निळ्या लेखनावर मारलेली लाल काट हे या पद्धतीचे खरे कसोटीस्थान आहे. दोन शायांच्या छेदावर ८८, ३८, ९२ असा जांभळा रंग मिळाला, तर त्याची छटा १४८ होते आणि तो दोन्ही पट्ट्यांबाहेर जातो. सलग रेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटून तुकड्यांची होते. ९×९ आकाराची संवरण क्रिया (आधी फुगवणे, मग झिजवणे) ही भगदाडे बुजवते, पण शेजारी लिहिलेले गुणांचे आकडेही एकमेकांना चिकटवते. यावर काही जण १९७६ च्या सीआयई लॅब मांडणीतील ‘ए’ वाहिनी, म्हणजे हिरवा ते लाल हा अक्ष, अधिक पसंत करतात आणि ती निवड सयुक्तिक वाटते. तेथे वर्तुळ नसल्याने एकच मर्यादा पुरते. ओपनसीव्हीच्या ० ते २५५ मोजणीत वरील लाल पिक्सेल १८५ च्या, काळा १३५ च्या आणि जांभळा छेद १६० च्या आसपास येतो. अडचण इतकीच की ५०, ६०, १४० अशी साधी निळी शाईही १५० च्या जवळ पोहोचते. म्हणजे छेद वाचवायचा तर मर्यादा दहाच पायऱ्यांच्या फटीत बसवावी लागते. काळ्या शाईवरील छेदात मात्र लाल रंगाचा अंशच फारसा उरत नाही.

जेपीईजी स्वरूपात साठवताना रंगाची माहिती सहसा दर २×२ पिक्सेलला एकच ठेवली जाते, त्यामुळे रेघेचा लाल रंग शेजारच्या कागदावर फिकट होऊन पसरतो. पीएनजी किंवा टिफ स्वरूपात असे होत नाही. करड्या छटेत केलेल्या स्कॅनचा या पद्धतीला उपयोग नाही. यंत्राने वाचायचे अर्ज मुद्दाम लाल रंगात छापतात, कारण लाल प्रकाशाखाली ती छपाई कागदात विरून जाते. त्याच मांडणीने उत्तरपत्रिका स्कॅन केल्यास परीक्षकाची शाईही तशीच नाहीशी होते.

छापील लाल समास रंगाने वेगळा काढता येत नाही, तो आकाराने काढतात : पानाच्या बहुतांश उंचीइतका लांब आणि काही पिक्सेलच रुंद असा, एकमेकांना लागून असलेल्या पांढऱ्या पिक्सेलांचा जोडलेला घटक मास्कमधून वगळला जातो. मात्र समासाला टेकलेली खूण त्याच घटकाचा भाग बनते व त्याबरोबरच निघून जाते. त्यामुळे आधी उभ्या, लांब आणि अरुंद साच्याने उद्घाटन करून केवळ रेघ शोधणे व तेवढेच पिक्सेल वजा करणे हा मार्ग बरा. त्यात खुणेला समासाच्या रुंदीइतकी खाच पडते. मर्यादा योग्य आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्याच स्कॅनरवर काढलेले, लिहिलेले पण न तपासलेले पान चालवून पाहतात. समास वजा केल्यावर त्याच्या मास्कमध्ये जे पांढरे उरते, ती सर्व चुकीची ओळख असते.