मोमेंटम फंडाच्या यादीत शेअर शिरतो कसा आणि बाहेर पडतो कसा

साधा इंडेक्स फंड शेअर निवडत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट कमी लोक लक्षात घेतात: एकदा शेअर घेतल्यावर हा फंड जवळजवळ काहीच करत नाही. समजा एखाद्या कंपनीचं बाजारमूल्य निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांच्या एकूण बाजारमूल्याच्या ६ टक्के आहे. फंडही तिच्यात ६ टक्के पैसे ठेवतो. वर्षभरात तिचा भाव दुप्पट झाला आणि बाकीचे भाव जागच्या जागी राहिले, तर तिचा वाटा सुमारे ११.३ टक्के होतो. निर्देशांकातही ११.३ आणि फंडातही ११.३. एकही शेअर विकावा किंवा विकत घ्यावा लागत नाही, कारण भाव वाढला की वाटा आपोआप वाढतो. कंपन्या आत-बाहेर होतात किंवा नवे शेअर निघतात तेवढ्यापुरतीच हालचाल करावी लागते.

फॅक्टर फंड हे सोडून देतो. त्यात कोणा माणसाचं मत चालत नाही. लिहून ठेवलेला नियम चालतो, म्हणून तोही निर्देशांकाच्याच मागे जाणारा फंड म्हणून विकला जातो. पण तो ज्या निर्देशांकाच्या मागे जातो तो बाजाराची प्रतिकृती नसतो. बाजारातले काही शेअर मुद्दाम जास्त आणि काही मुद्दाम कमी किंवा अजिबात न घेणं, हाच त्याचा उद्देश असतो. विल्यम शार्प यांनी १९९१ साली मांडलेला साधा हिशेब इथे लागू पडतो. सगळ्या गुंतवणूकदारांकडचे शेअर एकत्र केले की बेरीज बाजाराएवढीच होते. मी एखादा शेअर बाजारातल्या वाट्यापेक्षा जास्त ठेवला, तर दुसऱ्या कोणाकडे तो वाट्यापेक्षा कमी असणारच. इंडेक्स फंडाला अशा समोरच्या पक्षाची गरज नसते. फॅक्टर फंडाला मात्र ती नेहमीच असते, म्हणून समोरचा माणूस ती बाजू का घेईल हे विचारायला हवं.

मोमेंटम फंड हा फॅक्टर फंडाचाच एक प्रकार. त्याचा नियम जवळून पाहिला तर हे नीट कळतं. गेल्या वर्षात जे शेअर इतरांपेक्षा जास्त चढले ते घ्यायचे, एवढाच त्याचा गाभा. प्रचलित निर्देशांकांत साधारणपणे सहा महिन्यांचा आणि बारा महिन्यांचा असे दोन परतावे काढतात, आणि अगदी अलीकडचा एक महिना वगळतात. तो वगळण्यामागे कारण आहे. महिन्याभरात झपाट्यानं चढलेला शेअर पुढच्या महिन्यात बऱ्याचदा थोडा मागे येतो. हा उलटा परिणाम मोजणीत मिसळला तर निवड बिघडते. परतावा काढल्यावर त्याला शेअरच्या चढउतारानं भागतात, म्हणजे उड्या मारत वर गेलेल्यापेक्षा सावकाश चढलेल्याला जास्त गुण मिळतात.

तीन काल्पनिक कंपन्या घेऊ. तेरा महिन्यांपूर्वी तिघींचा भाव १०० होता. महिन्यापूर्वी ‘अ’चा भाव १४० होता, ‘ब’चा १२४ आणि ‘क’चा १०८. ‘अ’चे वार्षिक चढउतार ५० टक्के, ‘ब’चे २० टक्के, ‘क’चे ४० टक्के. मग गुण असे येतात: ‘अ’ला ४० भागिले ५०, म्हणजे ०.८; ‘ब’ला २४ भागिले २०, म्हणजे १.२; ‘क’ला ८ भागिले ४०, म्हणजे ०.२. सर्वाधिक चढलेली ‘अ’ असली तरी पहिला नंबर ‘ब’चा. गेल्या महिन्यात ‘अ’ १४० वरून १६५ वर गेली आणि ‘ब’ १२४ वरून १२२ वर आली असं समजा. सगळीकडे ‘अ’चीच चर्चा असेल, पण नियम त्या महिन्याकडे बघतच नाही. सहा महिन्यांच्या परताव्याचाही असाच गुण काढून दोन्हींची सरासरी घेतात, सगळ्या शेअरांची क्रमवारी लावतात आणि वरचे ठरावीक शेअर निवडतात. बऱ्याच निर्देशांकांत मग या गुणाला कंपनीच्या बाजारमूल्यानं गुणून वाटा ठरतो आणि एका शेअरच्या वाट्यावर कमाल मर्यादा असते.

आता सहा महिने पुढे जाऊ, पुढच्या फेरआढाव्याला. मोजणीचा कालावधीही सहा महिने पुढे सरकला आहे. ‘ब’साठी तो आता जिथे सुरू होतो तिथे तिचा भाव ११८ होता आणि जिथे संपतो तिथे १२० आहे. परतावा दोन टक्क्यांपेक्षाही कमी, गुण जेमतेम ०.१. ‘ब’ यादीतून बाहेर. तिचा शेअर कोसळलेला नाही, कंपनीचा धंदा बिघडलेला नाही. तिची जुनी चढण मोजणीच्या बाहेर गेली, इतकंच. नियमाला कंपनी ठाऊक नसते, तिच्या भावाचा एक तुकडा ठाऊक असतो. असे शेअर प्रत्येक आढाव्याला मोठ्या संख्येनं बदलतात. म्हणून अनेक निर्देशांक जुन्या शेअरला थोडी सवलत देतात: क्रमवारीत ठरावीक पायरीच्या खाली घसरला तरच तो काढायचा.

हे चालतं का? नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ साली अमेरिकी बाजाराच्या १९६५ ते १९८९ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या सहा महिन्यांतले विजेते घेऊन आणि पराभूत शेअर उसने घेऊन विकून सहा महिने थांबणाऱ्या पद्धतीनं वर्षाला सरासरी सुमारे १२ टक्के जास्तीचा परतावा दिला होता. त्याच अभ्यासात दिसलं की पहिल्या वर्षातल्या या कमाईचा काही भाग पुढच्या दोन वर्षांत विरून जातो, म्हणून यादी बदलत राहावी लागते. कारणाबाबत सर्वात पटणारं स्पष्टीकरण असं की बातमी भावात एका दिवसात पूर्ण उतरत नाही. चांगला निकाल आला की काही जण ‘बराच फायदा झाला’ म्हणून लवकर विकतात आणि भाव हळूहळू वर सरकतो. नंतर चढलेला भाव बघून इतर मागून येतात. समोरची बाजू घेणारा माणूस हा असा. पण १२ टक्क्यांच्या आकड्यात पराभूत शेअर विकण्याचा भागही आहे. सामान्य गुंतवणूकदाराला मिळणारा मोमेंटम फंड साधारणपणे फक्त विजेते घेतो. त्या अभ्यासाचा आकडा फंडाच्या जाहिरातीत दिसला तर हा फरक आधी आठवावा.

या नियमाची खरी परीक्षा बाजार तळातून उसळी घेतो तेव्हा होते. २००८ ची घसरण आठवा. वर्षभर जवळजवळ सगळेच शेअर पडत होते, मग ‘विजेते’ कोण? जे सगळ्यांत कमी पडले ते. म्हणजे संथ चालीच्या, मागणी फारशी न घटणाऱ्या कंपन्या. बँका आणि कर्जात बुडालेल्या कंपन्या पराभूतांच्या यादीत होत्या. मार्च २००९ मध्ये बाजार फिरला आणि पराभूतांनीच सर्वात मोठी झेप घेतली. केंट डॅनियल आणि टोबियास मोस्कोविट्झ यांनी अमेरिकी बाजारासाठी मोजलं आहे: मार्च ते मे २००९ या तीन महिन्यांत सर्वात तळाचा दहावा हिस्सा १६३ टक्के वाढला, सर्वात वरचा दहावा हिस्सा फक्त ८ टक्के. १९३२ च्या जुलै-ऑगस्टमध्येही असंच झालं होतं, तेव्हा पराभूत २३२ टक्के वाढले आणि विजेते ३२ टक्के.

पराभूत शेअर उसने घेऊन विकलेल्यांचं या महिन्यांत दिवाळं निघालं असतं. फक्त विजेते घेणाऱ्या फंडाचं तसं होत नाही, तो ८ टक्के का होईना वरच जातो. त्याचं दुःख वेगळं: साधा इंडेक्स फंड झपाट्यानं सावरत असताना हा मागे राहतो, आणि तेही घसरण सोसून झाल्यावर. नेमक्या याच वेळी लोक फंड सोडतात.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तेव्हाचा मोमेंटम फंड आतून लो व्होलॅटिलिटी या दुसऱ्या फॅक्टर फंडासारखाच दिसत असणार, कारण कमी पडलेले आणि कमी हलणारे शेअर बरेचसे तेच होते. दोन वेगळ्या नावांचे फॅक्टर फंड घेतले म्हणजे जोखीम विभागली, असं गृहीत धरू नये. एखाद्या महिन्याच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवून सामाईक नावं मोजली की खरं काय ते कळतं.

लो व्होलॅटिलिटीचा नियम त्यामानानं सोपा आहे: ज्यांचे भाव कमी हलतात ते शेअर घ्या. जास्त जोखमीला जास्त परतावा मिळायला हवा, पण सर्वात उसळणाऱ्या शेअरांनी तितका मोबदला दिला नाही, हे १९७० च्या दशकापासून नोंदवलं गेलं आहे. ज्यांना कर्ज काढून गुंतवणूक करता येत नाही ते मोठ्या परताव्यासाठी उसळते शेअर महाग भावात घेतात, हे त्यामागचं एक ठोस कारण. क्वालिटी नियम भांडवलावरचा नफा, कर्जाचं प्रमाण आणि नफ्यातलं सातत्य पाहतो. त्यात भाव किती द्यावा हे सहसा येतच नाही, आणि मला ही त्याची सर्वात कच्ची बाजू वाटते. चांगली कंपनी भलत्या महाग भावातही यादीत राहते.

आता खर्च. समजा प्रत्येक सहामाही आढाव्याला यादीचा निम्मा भाग बदलतो. वर्षभरात जवळजवळ सगळी रक्कम एकदा विकून पुन्हा गुंतवली जाते. विकताना ०.२ टक्के आणि घेताना ०.२ टक्के गेले, तर वर्षाला ०.४ टक्के गेले, फंडाची फी वेगळीच. निर्देशांक हा खर्च मोजत नाही. तो बंद भावाला कागदावर अदलाबदल करतो. आढाव्याची तारीख आणि नियम सगळ्यांना ठाऊक असतात, त्यामुळे येणाऱ्या शेअरचे भाव आधीच थोडे चढलेले असण्याचा धोकाही असतो. हे सगळं एका आकड्यात दिसतं: लाभांश धरून निर्देशांकाचा परतावा आणि फंडाचा प्रत्यक्ष परतावा यांतला वर्षागणिक फरक. तो फीपेक्षा बराच मोठा असेल, तर अदलाबदलीत पैसे गळत आहेत.

फंडाच्या माहितीपत्रकात निर्देशांक कधी सुरू झाला ती तारीखही शोधावी. आलेखात वीस वर्षांची रेषा असते, पण निर्देशांक जन्मला असतो दोन-तीन वर्षांपूर्वी. त्याआधीची रेषा जुन्या आकड्यांवर नियम चालवून काढलेली असते, आणि जो नियम जुन्या आकड्यांवर शोभला नसता त्याचा निर्देशांक निघालाच नसता. डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी २०१६ साली संशोधनपत्रिकांत आलेल्या अशा ९७ निकषांची पडताळणी प्रसिद्ध केली. मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर परतावा सरासरी २६ टक्क्यांनी कमी निघाला, आणि अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात ५८ टक्क्यांनी. वर्षाला ४ टक्के जादा दाखवणाऱ्या नियमाचे या हिशेबानं पावणेदोन टक्क्यांच्या आसपास उरतात, आणि त्यातून वरचा ०.४ टक्क्यांचा खर्च व फी अजून वजा व्हायची असते.