कॅश ऑन डिलिव्हरीतील नाकारलेली पार्सले

माल दारात आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर मागवलेले, पण ग्राहकाने न स्वीकारल्यामुळे विक्रेत्याकडे परत येणारे पार्सल. कुरियरच्या भाषेत याला 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजेच 'आरटीओ' म्हणतात. पुण्यात आरटीओ म्हटले की आधी संगम पुलाजवळचे वाहन कार्यालय डोळ्यांसमोर येते, पण घरातून साड्या, दागिने किंवा मसाले विकणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द पार्सलांसाठीच असतो. माल घेऊन, वापरून किंवा नापसंत ठरवून परत करणे वेगळे. इथे खोके न उघडताच मागे फिरते.

पद्धत जुनीच आहे. टपाल खात्याची व्हीपीपी 1877 पासून चालू झाली आणि 'व्ही.पी.ने पाठवू' ही ओळ मराठी मासिकांतल्या जाहिरातींत सर्रास दिसे. पोस्टमन पार्सल घेऊन आला की पैसे मोजायचे. कोणी घेतले नाही तर जाण्यायेण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या बोकांडी बसायचा, तो आजही तिथेच बसतो. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यानुसार ठरलेला माल विनाकारण नाकारणारा ग्राहक नुकसानभरपाईला बांधील ठरू शकतो, पण बाराशे रुपयांच्या साडीसाठी दावा लावायला कोणी जात नाही.

पार्सल का नाकारले जाते. परत आलेल्या पार्सलावरचा शेरा बहुधा 'ग्राहकाने नकार दिला' एवढाच असतो आणि त्याखाली निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. रात्री अकराला रील बघताना आवडलेली साडी पाच दिवसांनी तितकी आवडत नाही. मध्ये पैसे गुंतलेले नसल्याने नको म्हणायला काही लागत नाही. ऑर्डर सून देते आणि दार सासूबाई उघडतात. त्यांना काही ठाऊक नसते, त्या 'आम्ही काही मागवलं नाही' म्हणून दार लावतात. पार्सल पोहोचायला जितके दिवस जास्त, तितके हे प्रकार वाढतात.

बाणेर-हिंजवडीकडच्या बंद फाटकांच्या सोसायट्यांत आणखी एक अडचण आहे. पैसे भरलेले पार्सल सुरक्षारक्षक ठेवून घेतो, पण कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे तो खिशातून देणार नाही. दोघेही नोकरीवर असलेल्या घरात माल हवा असूनही पार्सल दोन-तीन खेपा घालून परत जाते. नऱ्हे-आंबेगावात पत्ता 'दत्त मंदिरासमोर' एवढाच असेल आणि इमारतीचे नाव नसेल, तर डिलिव्हरीचा मुलगा फोन लावतो आणि तो उचलला गेला नाही की पुढच्या दाराकडे वळतो.

काही शेरे तर निव्वळ खोटे असतात. दिवसाची पार्सले संपली नाहीत की उरलेल्यांवर 'ग्राहक उपलब्ध नाही' असे टाकून मोकळे होतात. हे ओळखण्याची सोपी खूण वेळेत आहे. वेगवेगळ्या भागांतल्या चार-पाच पार्सलांवर संध्याकाळच्या एकाच मिनिटाला तोच शेरा पडला असेल, तर त्या दारांपर्यंत कोणी गेलेले नसते. ग्राहकाच्या फोनवर त्या वेळी मिस्ड कॉलही नसतो.

नुकसानीचा हिशेब. सदाशिव पेठेतल्या घरातून खणाच्या साड्या विकणाऱ्या बाईंचे उदाहरण धरू. आकडे कल्पित आहेत आणि सोयीसाठी कर बाजूला ठेवला आहे. साडीची किंमत 1200, खरेदी 800, पॅकिंग 20, कुरियर 80 आणि रोख वसुलीचा आकार 40. म्हणजे पोहोचलेल्या साडीमागे 260 रुपये सुटतात. परतलेल्या साडीचे जाण्याचे 80, येण्याचे 70 आणि पॅकिंगचे 20 असे 170 जातात. वसुलीच झाली नाही म्हणून तो आकार इथे लागत नाही. शंभर ऑर्डरी मिळवायला जाहिरातीवर 12,000 गेले आणि 25 पार्सले परतली, तर 75 साड्यांचे 19,500 येतात, परतलेल्यांचे 4,250 जातात आणि जाहिरात वजा जाता हातात 3,250 उरतात. 33 परतली तर 190 रुपयांचा तोटा होतो. तीनात एक पार्सल परत येऊ लागले की धंदा नुसती हमाली ठरतो, तो असा.

यात अडकलेला माल धरलेलाच नाही. दिवाळीआधी पाठवलेली साडी परत येईपर्यंत पणत्या आवरलेल्या असतात. परत आलेले खोके कॅमेऱ्यासमोर तोलून उघडावे लागते, कारण आत साडीऐवजी चिंधी निघाली तर व्हिडिओशिवाय कुरियर भरपाईचा अर्ज सहसा ऐकून घेत नाही, आणि अर्जाची मुदतही थोडीच असते.

उपाय आणि त्यांची मर्यादा. सर्वांत जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे प्रत्येकाकडून आगाऊ रक्कम घेणे. हा उपाय दिसतो तेवढा फायद्याचा नाही. वरच्याच बाईंनी सगळ्यांकडून 150 रुपये आधी मागितले आणि त्यामुळे शंभराच्या साठ ऑर्डरी झाल्या, त्यांतल्या फक्त पाच परतल्या असे समजू. 55 साड्यांचे 14,300 येतात. परतलेल्या प्रत्येकीचा तोटा आगाऊ रक्कम धरून 20 रुपयांवर येतो, म्हणजे एकूण 100. पण जाहिरातीचे 12,000 तसेच गेलेले असल्याने उरतात 2,200. पार्सले परत येणे जवळजवळ थांबले आणि नफाही घटला. एक खरे, की माल कमी अडकतो. भांडवल तुटपुंजे असेल तर तेवढ्यासाठीही काही जण हा मार्ग धरतात.

म्हणून जाणकार विक्रेते ऑर्डरी आधी वेगळ्या काढतात. अपुरा पत्ता, न उचललेला फोन, त्याच नंबरवरून पूर्वी परत आलेले पार्सल, एकाच रात्री एकाच वस्तूच्या दोन ऑर्डरी, किंवा जिथून पूर्वी बरीच पार्सले परतली तो पिनकोड, यांपैकी काही दिसले तरच आगाऊ रक्कम मागायची. समजा अशा 30 ऑर्डरी निघाल्या आणि 25 पैकी 15 नकार त्यांतलेच होते. आगाऊ मागताच 15 जण गळाले, त्यांत 12 नाकारणारेच होते आणि तिघे खरे गिऱ्हाईक. उरलेल्या पंधरांतील 12 साड्या पोहोचल्या, तीन परतल्या. बाकी 70 ना हात न लावता 60 पोहोचल्या, 10 परतल्या. 72 साड्यांचे 18,720 येतात, परतलेल्यांचे 1,760 जातात, आणि जाहिरात वजा जाता 4,960 उरतात. तीन खरी गिऱ्हाईके गमावूनही हातात जास्त पडले.

ऑर्डर आल्यापासून पहिल्या काही तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर केलेली विचारपूस याच कामी येते. 'पत्ता बरोबर आहे ना?' एवढेच विचारले तर लोक नुसते 'हो' म्हणतात. 'शुक्रवारी दुपारी घरी कोण असेल, आणि पैसे त्यांच्याकडे असतील का?' असे विचारले की नोकरी करणारी बाई स्वतःच म्हणते, 'ताई, मी आत्ताच यूपीआय करते, पार्सल वॉचमनकडे ठेवा.' तिला रोख वसुलीचे वाचलेले 40 रुपये सूट म्हणून दिले तरी विक्रेत्याचे काही जात नाही.

पार्सल निघाल्यावर उरते ते 'डिलिव्हरी झाली नाही' या यादीवर लक्ष ठेवणे. कुरियरच्या पोर्टलवर ही यादी रोज येते आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर गेले नाही, तर पार्सल आपोआप परतीला लागते. त्याच दिवशी ग्राहकाला फोन करून नवी वेळ आणि पत्त्याची खूण टाकली, तर पत्ता न सापडलेली आणि खोट्या शेऱ्याची बरीचशी पार्सले वाचतात. ज्याचे मनच फिरले आहे त्याला तीन वेळा फोन केल्याने फक्त शिव्या मिळतात.